एकोणीस की अकरा? तीस हजार प्रतींआधीचे बारा वाचक

काम माझ्याकडे आलं तेव्हा फॉन्ट ठरून गेला होता. पुण्यातली एक संस्था मधुमेह असलेल्या लोकांसाठी पुस्तिका काढत होती. डेमी अष्टमांश आकार, ३२ पानं, आत एकरंगी छपाई, ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद आणि मधोमध पिन. प्रती ३०,०००. संस्थेची तपासणी शिबिरं दर आठवड्याला वेगवेगळ्या वस्त्यांत भरतात, तिथे आलेल्यांच्या हातात ही पुस्तिका द्यायची होती. वाचणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, त्यात बायका जास्त, शिक्षण चौथीपासून पदवीपर्यंत कुठलंही. इन्सुलिन किती आणि कधी घ्यायचं, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, साखर एकदम उतरली तर काय करायचं, असा मजकूर होता. म्हणजे वाचून लगेच हाताने काहीतरी करायचं, अशा प्रकारची पुस्तिका.

समितीने लॅपटॉपवर दोन फॉन्टचे नमुने पाहिले होते. मी त्यांना इथे 'अ' आणि 'ब' म्हणते. नावं मुद्दाम देत नाही, कारण दोन्ही फॉन्ट चांगल्या कारागिरीचे आहेत आणि जे बिघडलं ते त्या कागदावर, त्या आकारात आणि त्या वाचकांपाशी बिघडलं. 'अ' बारीक रेषेचा, नव्या वळणाचा, मोकळा. 'ब' जरा भरीव, जुन्या छापील पुस्तकांच्या वळणाच्या जवळ जाणारा. सगळ्यांनी 'अ' निवडला. कारण विचारलं तर उत्तर आलं, "अक्षर मोठं दिसतं आणि पान प्रसन्न वाटतं."

मी गेली पंधरा वर्षं नारायण पेठेत बसून पुस्तकांची मांडणी करते. माझ्याही डोळ्याला 'अ' आवडला होता. तरी प्लेटा बनवण्याआधी हे पान खऱ्या वाचकांकडून वाचवून घेऊ, असा हट्ट मी धरला. संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे दिले.

आधी मोजपट्टी

'अक्षर मोठं दिसतं' हे समितीचं कारण मी प्रथम तपासलं. दोन्ही नमुने १२ पॉइंटात होते. पण पॉइंट हा अक्षराचा आकार नसतो. तो अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलेलं असतं, त्या चौकटीचा आकार असतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर, म्हणून १२ पॉइंटाची चौकट सव्वाचार मिलिमीटरची. देवनागरीत या चौकटीत वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार मावायचे, खाली उकार मावायचे, आणि उरलेल्या जागेत मूळ अक्षर. फॉन्ट बनवणारा ही वाटणी आपल्या मताने करतो. त्यामुळे एकाच पॉइंटात दोन फॉन्टचा 'क' वेगवेगळ्या उंचीचा निघू शकतो.

भिंगाखाली पट्टी धरून मी शिरोरेषेपासून 'क'च्या तळापर्यंतची उंची मोजली. 'अ'मध्ये ती २.७ मिलिमीटर भरली, 'ब'मध्ये २.३. लोकांनी निवडला होता तो मोठा आकार, फॉन्ट नव्हे. दोन फॉन्टची तुलना करायची तर दोन्हींचा 'क' सारख्या उंचीचा हवा. म्हणून चाचणीत 'अ' १२ पॉइंटात ठेवला आणि 'ब' १४ पॉइंटात. 'ब'चा 'क' आता २.७च्या अगदी जवळ आला. ओळींमधलं अंतरही पॉइंटात सारखं न ठेवता, एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत पट्टीने मोजून सारखं केलं. ही पायरी गाळली असती तर पुढचे दोन आठवडे आम्ही मोठ्या आणि लहान अक्षराची शर्यत लावून बसलो असतो.

दुसरी गोष्ट कागदाची. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर पान काढून ते वाचकांना देणं सोपं असतं, पण ते पान खोटं असतं. लेझरची पूड कागदावर बसते आणि रेषा काटेकोर राहते. ऑफसेटची शाई मॅपलिथोसारख्या, लेप नसलेल्या कागदात मुरते आणि थोडी पसरते. अक्षरातल्या लहान पोकळ्या भरतात, बारीक गाठी बुजतात. शिवाय ७० जीएसएमच्या कागदावर मागच्या बाजूची छपाई पुढे थोडी दिसतेच, आणि ओळींमधली पांढरी जागा करडी होते. धायरीतल्या ज्या छापखान्यात पुस्तिका छापायची होती, तिथे त्याच कागदावर दुसऱ्या कुणाचं काम चालणार होतं. त्या शीटच्या कडेला रिकामी जागा होती. आमची चार नमुना पानं त्या जागेत, दोन्ही बाजूंनी मजकूर असलेली अशी छापून घेतली. छापखान्याच्या मालकांनी पैसे घेतले नाहीत, फक्त "घाई करू नका, शीट निघेल तेव्हा निघेल" एवढं सांगितलं. तीन दिवस थांबावं लागलं. ते तीन दिवस सगळ्या चाचणीत सर्वांत कामाचे ठरले.

अंदाजाने वाचता येणार नाही असा मजकूर

वाचणारा माणूस प्रत्येक अक्षर वाचत नाही. 'जेवणाआ...' एवढं दिसलं की पुढचं 'धी' डोळ्याने पाहायच्या आधीच तोंडात येतं. 'घ्या'मधला 'घ' शाईने भरून 'ध'सारखा दिसला तरी कुणी 'ध्या' म्हणत नाही, कारण वाक्य त्याला सावरून घेतं. म्हणून नेहमीच्या गद्याचा उतारा देऊन चाचणी घेतली तर जवळजवळ प्रत्येक फॉन्ट उत्तीर्ण होतो. फॉन्टचा दोष भाषेच्या सवयीखाली झाकला जातो.

वाक्य सावरू शकत नाही अशा जागा मोजक्याच असतात. आकडे ही पहिली. 'सकाळी ... युनिट' या वाक्यात अकराही बसतात आणि एकोणीसही. औषधांची नावं ही दुसरी: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड. आणि तिसरी म्हणजे नकार, तो एकाक्षरी 'न'.

मी पुस्तिकेच्या मजकुरातूनच दोन उतारे बांधले. प्रत्येकात साधारण १२० शब्द, आणि प्रत्येकात अशा दहा जागा: सहा आकडे, दोन औषधं, दोन नकार. आकडे छोट्या कोष्टकातही ठेवले आणि वाक्यातही. मात्रेचे आकडे मनाने घातलेले होते, कुणाच्याही चिठ्ठीतले नव्हते. पानावर वर ठळक 'नमुना' छापलं, आणि वाचून झाल्यावर प्रत्येक पान परत घ्यायचं असं पक्कं ठरवलं. चाचणीचं पान चुकून कुणाच्या घरी राहिलं आणि त्यावरून कुणी इन्सुलिन घेतलं, ही शक्यता मला झोपू देत नव्हती.

दोन फॉन्ट आणि दोन उतारे असले की चार जोड्या होतात. कुणी पहिला उतारा 'अ'मध्ये वाचून मग दुसरा 'ब'मध्ये वाचायचा, कुणी उलट, आणि आधी कुठला फॉन्ट हेही आलटून पालटून. माणूस दुसरं पान वाचायला घेतो तेव्हा तो सरावलेला असतो किंवा थकलेला असतो. सगळ्यांनी 'अ' आधी वाचला असता तर सरावाचा फायदा 'ब'च्या खात्यात गेला असता. बारा वाचक घेतले ते याच हिशोबाने, प्रत्येक जोडीला तीन.

वाचक संस्थेच्या शिबिरांतूनच मिळाले. पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीतून पाच, दत्तवाडीतून चार, कोथरूडमधून तीन. वय ४८ ते ७४. आमच्या ऑफिसातली मंडळी, समितीचे सदस्य, ओळखीचे निवृत्त शिक्षक यांना कटाक्षाने बाजूला ठेवलं. रोज वाचणारा माणूस वाईट छपाईतूनही वाट काढतो. चष्मा ज्याचा जसा असेल तसा. दोघांकडे चष्मा नव्हता आणि एकांचा जुन्या नंबराचा होता, त्यांनाही तसंच वाचू दिलं, कारण पुस्तिका हातात पडेल तेव्हाही ते असेच असणार. जागा त्यांच्या घरची, वेळ संध्याकाळची, उजेड घरातल्या ट्यूबचा.

दत्तवाडीच्या आजी

एक बैठक सविस्तर सांगते, कारण सगळं प्रकरण तिच्यात आहे.

आजी ६७ वर्षांच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी म्हटलं, "आजी, परीक्षा या कागदाची आहे, तुमची नाही. जिथे अडेल तिथे कागद नापास." त्यांनी हसून पान घेतलं, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. माझ्याकडे त्याच पानाची प्रत होती. त्या दोनेक सेकंद थबकल्या तर उभी रेघ, चुकीचं वाचलं तर गोल, मागे जाऊन पुन्हा वाचलं तर बाण, ओळ चुकली तर फुली. परवानगी घेऊन फोनवर आवाजही घेतला होता. नंतर आमच्या मुद्रितशोधकाने माझ्या खुणा न पाहता, नुसतं ऐकून आपल्या खुणा केल्या, म्हणजे माझ्या मनातल्या आवडीनिवडी खुणांत शिरू नयेत.

पहिलं पान 'अ'चं होतं. गद्य आजींनी झरझर वाचलं. 'जेवणाआधी अर्धा तास', 'फ्रीझरमध्ये ठेवू नये', कुठे अडखळल्या नाहीत. कोष्टकाशी आल्या. कागदावर होतं 'सकाळी १९ युनिट'. आजींनी वाचलं, "सकाळी अकरा युनिट." थबकल्या नाहीत, मागे गेल्या नाहीत, आवाजात शंका नव्हती. मी गोल केला आणि गप्प राहिले. इथे गप्प राहणं फार जड जातं. चूक दुरुस्त करायला जीभ शिवशिवते, पण एकदा दुरुस्त केलं की पुढची सगळी पानं माणूस जपून वाचतो आणि चाचणी तिथेच संपते.

वाचून झाल्यावर मी पिशवीतून इन्सुलिनची रिकामी सिरिंज काढली, ४० युनिटची, लाल टोपीची, सुई काढून टाकलेली. "आजी, या कागदाप्रमाणे सकाळचं कुठपर्यंत भराल? नखाने दाखवा." आजींनी दहाच्या रेघेच्या पुढच्या रेघेवर नख ठेवलं. अकरा.

मग 'ब'चं पान. त्यात 'रात्री १९ युनिट' होतं. तेही कोष्टकातच. आजींनी वाचलं, "रात्री एकोणीस," आणि नख बरोबर एकोणीसवर ठेवलं.

शेवटी, सगळं आटपल्यावर, दोन्ही पानं शेजारी ठेवून विचारलं, कुठलं आवडलं? आजींनी 'अ'वर हात ठेवला. "हे सुबक आहे गं. मोकळं वाटतं. ते दुसरं जरा जाडजाड आहे." आता सांगायला हरकत नव्हती. मी 'अ'वरचा आकडा दाखवला, "हा परत वाचता का?" आजींनी पान ट्यूबखाली नेलं, जवळ धरलं, लांब धरलं. "अगंबाई, एकोणीस आहे का हे?"

घरी येऊन ते पान भिंगाखाली ठेवलं. १ आणि ९ यांच्या वळणात फार अंतर नसतं. ९ला डावीकडे एक जादा गाठ असते, ती दिसली तरच तो ९. 'अ' फॉन्टमध्ये ही गाठ नाजूक आणि दांड्याला चिकटून होती. लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं तर सुंदर दिसत होती. लेझरच्या कागदावरही दिसत होती. मॅपलिथोवर शाई पसरली आणि गाठ दांड्यात बुजून गेली. उरला एक जाडसर १. तीन दिवस थांबून छापून घेतलेला कागद नसता तर ही चूक तीस हजार प्रतींत गेली असती आणि कुणाला दिसलीही नसती, कारण वाचणारा अडखळत नाही. तो खात्रीने चुकीचं वाचतो.

बारा जणांनी काय सांगितलं

प्रत्येक फॉन्टमध्ये बारा वाचकांच्या मिळून १२० निवडक जागा झाल्या. 'अ'मध्ये १७ चुका झाल्या, 'ब'मध्ये ६. 'अ'च्या सतरांपैकी नऊ चुका १ आणि ९ यांच्या घोळाच्या होत्या. पण या नऊ चुका पाच जणांच्या होत्या. ज्याला ९ दिसत नाही त्याला तो प्रत्येक ठिकाणी दिसत नाही. म्हणून मी समितीला 'नऊ चुका' असं न सांगता 'बारांपैकी पाच माणसं' असं सांगितलं. पुस्तिका माणसाच्या हातात जाते, आणि मोजायचं तर माणूस मोजावा.

वाचनाच्या वेगात काही सापडलं नाही. दोन्ही पानांना सारखाच वेळ लागला, दीड ते पावणेदोन मिनिटं. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. अमेरिकेत डोनाल्ड पॅटरसन आणि मायल्स टिंकर या मानसशास्त्रज्ञांनी १९३०च्या आसपास रोमन लिपीच्या फॉन्टवर वेगाचे प्रयोग केले होते, पुष्कळ मोठ्या वाचकसंख्येवर. रोजच्या वापरातले फॉन्ट वेगात एकमेकांच्या अगदी जवळ असतात, असंच त्यांना दिसलं. बारा माणसांत असा फरक शोधणं व्यर्थ आहे. एका माणसाला खोकला आला तरी सरासरी हलते. म्हणून अशा चाचणीत घड्याळापेक्षा खुणांचा कागद महत्त्वाचा.

आवडीचं उत्तर तर उलटंच आलं. बारांपैकी आठ जणांना 'अ' आवडला. ९ चुकलेल्या पाचांपैकी चौघांनाही तोच आवडला. समितीच्या बैठकीत हे मांडल्यावर एक सदस्य म्हणाले, "मग लोकांना आवडतंय तेच द्यायला हवं ना?" प्रश्न रास्त होता. दिवाळी अंकाचं पान असतं तर मी मान्य केलं असतं. पण आवड सांगताना माणूस पानाकडे पाहत असतो, आणि मात्रा वाचताना तो पानातून सिरिंजकडे पाहत असतो. डॉक्टरीणबाईंनी काही न बोलता खुणांची बारा पानं टेबलावर पसरली. पाच पानांवर एकाच जागी गोल होते. त्यानंतर चर्चा झाली नाही.

एक चूक मात्र दोन्ही फॉन्टमध्ये सारखी निघाली आणि तिने माझीच मांडणी पकडली. वाक्य होतं, 'डॉक्टरांना न विचारता डोस बदलू नये.' ओळ अशी तुटली होती की 'न' पहिल्या ओळीच्या शेवटी एकटा उरला आणि 'विचारता' पुढच्या ओळीत गेलं. चौघांनी तो 'न' गाळला. त्यातल्या एका काकांनी तर वाक्य आपल्या मनाने जुळवून घेतलं, "डॉक्टरांना विचारून डोस बदलू नये." वाक्य व्याकरणाने नीट, अर्थाने भलतंच. हा फॉन्टचा दोष नव्हता. पण फॉन्टची चाचणी घेताना जे समोर येतं ते फॉन्टचं नाही म्हणून सोडून देता येत नाही.

'ल' आणि 'श' यांच्याबद्दलही तिघे बोलले. 'अ'च्या पानावर ते हिंदी वळणाचे आले होते. वाचताना कुणी चुकलं नाही, फक्त "हे हिंदी पुस्तकासारखं वाटतं" असं म्हणाले. हा घोटाळा बहुतेक वेळा मजकुराची भाषा मराठी न नेमल्यामुळे होतो. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणं आत असतातच, पण मजकुरावर भाषेचा शिक्का नसेल तर ती बाहेर येत नाहीत. ते पाच मिनिटांत सुधारलं.

बारा जण काय सांगू शकत नाहीत

हे समितीला समजावून सांगायला वेळ लागला, आणि इथेच अशा छोट्या चाचण्यांचा गैरवापर होतो.

समजा एखादी चूक चारांतल्या एका वाचकाकडून होणारी आहे. बारा वाचकांपैकी एकाकडूनही ती होणार नाही, ही शक्यता शंभरात तीनच. म्हणजे ढोबळ दोष बारा माणसांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. आता समजा चूक विसांतल्या एकाकडून होणारी आहे. ती बारांत एकदाही न दिसण्याची शक्यता शंभरात चोपन्न, निम्म्याहून जास्त. आणि तीस हजार प्रतींत विसांतला एक म्हणजे दीड हजार माणसं. बारा जणांनी बिनचूक वाचलं म्हणून पान निर्दोष ठरत नाही. एवढंच म्हणता येतं की मोठा खड्डा दिसलेला नाही.

त्यामुळे सतरा विरुद्ध सहा यावरून ''ब' हा 'अ'पेक्षा तिप्पट वाचनीय' असं वाक्य अहवालात लिहायला मी नकार दिला. आमच्या हाती लागलं होतं ते एका आकड्याचं नाव आणि त्यामागचं कारण. कारण भिंगाखाली दिसत होतं, म्हणून त्यावर विश्वास होता. नुसती बेरीज असती तर मी दुसरे बारा वाचक मागितले असते.

काय बदललं

फॉन्ट 'ब' ठरला, १४ पॉइंटात, ओळींचं अंतर २१ पॉइंट. पण बारीक चुकांसाठी फक्त फॉन्टवर विसंबायचं नाही, असंही ठरलं. मात्रेचा प्रत्येक आकडा मजकुरापेक्षा एक पायरी ठळक केला आणि पुढे अक्षरात लिहिला: १९, एकोणीस. आकडा बुजला तरी शब्द उरतो. शिवाय सिरिंजवर आणि ग्लुकोमीटरवर आकडे इंग्रजी असतात. सिरिंज दाखवताना दोन आज्या देवनागरी आकडा बरोबर वाचून इंग्रजी रेघ शोधताना गोंधळल्या होत्या. म्हणून मात्रेच्या पानावर सिरिंजचं चित्र घातलं आणि त्यावरचे आकडे खऱ्या सिरिंजसारखेच ठेवले.

एकट्या 'न'चा बंदोबस्त दोन प्रकारे केला. इनडिझाइनमध्ये बदलाच्या खिडकीत 'न'नंतरची साधी मोकळी जागा न तुटणाऱ्या जागेने बदलली:

```
Find what:  न 
Change to:  न^S
```

दोन्ही ओळींत 'न'च्या आधीही एक मोकळी जागा टाकावी लागते, नाहीतर 'जेवण', 'तीन' अशा शब्दांच्या शेवटचा 'न'ही पकडला जातो. पण खरा इलाज संपादकीय होता. डॉक्टरीणबाईंनी ते वाक्यच बदललं: 'डोस बदलायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.' नकार गेला आणि त्याच्यासोबत चुकण्याची जागाही गेली.

अक्षर आणि अंतर वाढल्यावर मजकूर ३५ पानांवर गेला. १६ पानांचा एक फर्मा, आमचे दोन फर्मे, म्हणजे ३२च्या पुढे गेलं की थेट ४० पानांचा विचार, आणि कागदाचा खर्च पाव हिश्शाने वर. समितीने अक्षर परत लहान करण्याऐवजी सुरुवातीची चार पानं शुभेच्छा संदेशांची होती ती काढून टाकली. या निर्णयासाठी मला त्या मंडळींबद्दल मनापासून आदर वाटतो. संदेश देणाऱ्यांना फोन करून सांगणं सोपं नसतं.

दुसरी फेरी सहा वाचकांची घेतली, सगळे नवे. आधीचे बारा आता उतारे ओळखत होते, त्यांचा उपयोग संपला होता. नवं पान पुन्हा त्याच कागदावर, त्याच यंत्रावर छापलं. छत्तीस आकड्यांत एकही चूक झाली नाही. 'ग्लिमेपिराइड'वर चौघे अडखळले, पण ते नाव तोंडात बसायलाच अवघड आहे. त्यापुढे गोळीच्या पाकिटाचं चित्र टाकून आम्ही थांबलो. सहा जणांनी बिनचूक वाचणं ही लहान गोष्ट आहे, हे मी पुन्हा लिहून दिलं. चारांतल्या एकाकडून होणारी चूकसुद्धा सहा जणांत न दिसण्याची शक्यता शंभरात अठरा उरते.

यंत्रापाशी

म्हणून छपाईच्या रात्री मी धायरीला गेले. फॉन्ट, आकार, कागद सगळं ठीक असूनही शाई जास्त सुटली तर गाठ पुन्हा बुजणारच होती. पहिली शीटं निघाली. मात्रेचं पान उघडून पाहिलं तर काळा रंग छान भरलेला, आणि 'ब'चा ९सुद्धा जरा जड झालेला. यंत्रावरच्या दादांना वाटलं मी रंग फिका असल्याची तक्रार करणार. बहुतेक लोक तीच करतात. मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि ९ दाखवला.

त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, त्या पट्ट्यातली शाई थोडी कमी केली. पन्नासेक शीटं वाया जाऊ दिली. मग एक शीट काढून स्वतःच भिंगाखाली धरलं. गाठ मोकळी झाली होती, डावीकडची पांढरी जागा दिसत होती. अजून एक टिचकी कमी करून पाहिली तर बारीक अनुस्वार फिके पडायला लागले, म्हणून परत मागे आले. मधल्या त्या शीटवर त्यांनी पेनने ९भोवती गोल केला, खाली 'ओके' लिहून सही केली आणि ते यंत्राशेजारच्या तिरक्या टेबलावर चिकटवलं. "पाचशे शीटं झाली की एक काढून याच्याशी लावून बघतो," ते म्हणाले. साठ हजार शीटांचं काम होतं. मी निघाले तेव्हा पहिलं पाचशेवं शीट त्यांच्या हातात होतं आणि भिंग त्याच ९वर.